मॅकबेथच्या १२ ओळी आणि भाचीची वही: कुठला वृत्तभंग खरंच ऐकू येतो?

भाची इंग्रजीत एमए करते. मागच्या दिवाळीत घरी आली तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी वही टाकून म्हणाली, मामा हे बघ ना जरा, मला कळतच नाहीये यात चुकलं काय. असाइनमेंट साधी होती, शेक्सपिअरच्या मॅकबेथच्या पाचव्या अंकाच्या पाचव्या प्रवेशातलं 'टुमॉरो' वालं स्वगत घ्यायचं, १२ ओळी, त्याचं स्कॅन्शन करायचं म्हणजे कुठे आघात पडतो ते खुणा करून दाखवायचं, आणि जिथे पॅटर्न मोडलाय तिथे तो का मोडलाय ते लिहायचं. हिने सगळ्या ओळींवर खुणा केल्या होत्या, जवळजवळ प्रत्येक ओळीत वृत्तभंग सापडला होता, आणि शेवटी एक परिच्छेद: 'या स्वगतात वृत्त वारंवार मोडते, यावरून मॅकबेथच्या मनाची अस्वस्थता दिसते.' खाली लाल पेनाने दोनच शब्द. 'प्रत्येक वेळी?'

तो प्रश्न मला एकदम पटला. पण तिला तो टोमणा वाटला होता.

आधी प्रसंग सांगतो, कारण ओळी त्याशिवाय लागत नाहीत. डन्सिनेनचा किल्ला वेढला गेलाय, आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो, मॅकबेथ विचारतो ही किंकाळी कसली, आणि सेटन नावाचा त्याचा माणूस येऊन सांगतो की राणी गेली. त्यावर मॅकबेथ जे बोलतो ते हे. मी देवनागरीत लिहितोय, पण एक सावधगिरी, देवनागरीतली अक्षरं मोजू नका, तोंडाने म्हणून मोजा. 'आउट' आपल्याला तीन अक्षरं दिसतात पण इंग्रजीत ते एकच आहे, 'टाइम' एक, 'डाइड' एक, आणि 'स्ट्रट्स' एवढा जोडाक्षरांचा ढीग असूनही एकच.

१. शी शुड हॅव डाइड हिअरआफ्टर
२. देअर वुड हॅव बीन अ टाइम फॉर सच अ वर्ड
३. टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो
४. क्रीप्स इन धिस पेटी पेस फ्रॉम डे टू डे
५. टू द लास्ट सिलेबल ऑफ रेकॉर्डेड टाइम
६. अँड ऑल अवर येस्टरडेज हॅव लायटेड फूल्स
७. द वे टू डस्टी डेथ. आउट, आउट, ब्रीफ कँडल
८. लाइफ्स बट अ वॉकिंग शॅडो, अ पुअर प्लेयर
९. दॅट स्ट्रट्स अँड फ्रेट्स हिज आवर अपॉन द स्टेज
१०. अँड देन इज हर्ड नो मोअर. इट इज अ टेल
११. टोल्ड बाय अन इडियट, फुल ऑफ साउंड अँड फ्युरी
१२. सिग्निफाइंग नथिंग

अर्थ ढोबळ मानाने असा, की ती नंतर मरायला हवी होती, या शब्दासाठी कधीतरी वेळ मिळाला असता. उद्या, आणि उद्या, आणि उद्या, असा हा काळ क्षुल्लक पावलांनी दिवसामागून दिवस सरपटत राहतो, नोंदल्या गेलेल्या काळाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि आपल्या सगळ्या कालच्या दिवसांनी मूर्खांना मातीच्या मरणाची वाट उजळून दाखवली. विझ, विझ, इवल्याशा मेणबत्ती. आयुष्य म्हणजे चालती सावली, एक बापडा नट, जो आपला तासभर रंगमंचावर तोऱ्यात मिरवतो, तडफडतो आणि मग ऐकूही येत नाही. वेड्याने सांगितलेली गोष्ट, आवाज आणि आवेशाने भरलेली, अर्थ काही नाही. (चौथ्या ओळीतली 'पेटी' म्हणजे क्षुल्लक, बाजाची पेटी नव्हे, हे घरच्या एका ज्येष्ठ श्रोत्यासाठी मला खरंच सांगावं लागलं.)

आता वहीत काय झालं होतं ते. हिने शाळेत शिकलेलं लघु-गुरू इंग्रजीला लावलं होतं. तिसरी ओळ घ्या, टु लघु, मॉ गुरू, रो दीर्घ म्हणून गुरू, अँड पुढे जोडाक्षर आहे म्हणून गुरू, असं करत ११ अक्षरांत ८ गुरू आले आणि साहजिकच तिला ती ओळ पार मोडलेली दिसली. ही चूक मराठी माणूस करणारच, कारण आपलं वृत्त वेळेवर चालतं, अक्षर उच्चारायला किती वेळ लागतो त्यावर. इंग्रजीचं वृत्त आघातावर चालतं, म्हणजे कुठल्या अक्षरावर आवाज चढतो त्यावर. 'टुमॉरो' मध्ये आवाज फक्त 'मॉ' वर चढतो, 'रो' कितीही लांबवा ते हलकंच राहतं.

पण पॅटर्न कानात बसवायला मात्र आपल्याकडचीच गोष्ट कामाला येते. शिवतांडव स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं, निदान पहिली ओळ तरी. ज-टा, ट-वी, ग-लज्, ज-ल, प्र-वा, हलकं-जड हलकं-जड असं. ते पंचचामर वृत्त, त्यात लगा ही जोडी ८ वेळा येते. त्यातल्या पहिल्या ५ जोड्या घ्या, 'जटाटवीगलज्जलप्रवा' इथे थांबा, आणि गुरूच्या जागी आघात घाला, झालं आयँबिक पेंटामीटर. एका जोडीला आयँब म्हणायचं, जोडीला फूट, आणि ५ फूट म्हणून पेंटामीटर. फरक एवढाच की पंचचामरात एक लघु इकडचा तिकडे झाला की कवीची चूक, आणि इंग्रजीत तसं नाही, तिथे काही बदल परंपरेने चालवून घेतलेले आहेत, काही खटकतात, आणि काही मुद्दाम खटकावेत म्हणूनच घातलेले असतात. म्हणजे स्कॅन्शनमधलं खरं काम मोडलेली जागा शोधणं हे नाहीच, ती जागा किती मोठ्याने ऐकू येते ते ठरवणं हे आहे.

वही बंद केली आणि तिला म्हटलं, आधी नुसतं बोलून दाखव, गद्य वाचल्यासारखं. मग तीन पायऱ्या. पहिली, एकाहून जास्त अक्षरांचे शब्द घ्यायचे, कारण त्यांचा आघात डिक्शनरीत ठरलेला असतो, तिथे आपली मर्जी चालत नाही: टुमॉरो, येस्टरडेज, डस्टी, रेकॉर्डेड. दुसरी, एकाक्षरी पण वजनदार शब्द, नामं क्रियापदं विशेषणं, टाइम, डेथ, फूल्स, टेल. तिसरी, उरलेली चिल्लर, द, ऑफ, अँड, टू, यांना पॅटर्न काय मागतोय ते बघून ठरवायचं. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, आघात हा शेजाऱ्याच्या तुलनेत असतो. ओटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९०० साली हे मांडलं, की वृत्तात अक्षर किती जड आहे ते महत्त्वाचं नाही, आधीच्यापेक्षा जड आहे की हलकं एवढंच कान ऐकतो.

असं केल्यावर पहिली गंमत ही झाली की दुसरी, सहावी, नववी आणि दहावी ओळ एकदम सरळ निघाल्या.

अँड ऑल | अवर येस् | टरडेज | हॅव लाय | टेड फूल्स

दॅट स्ट्रट्स | अँड फ्रेट्स | हिज आवर | अपॉन | द स्टेज

(अवर आणि आवर दोन्ही एकेकच अक्षर धरायचे.) नववीत तर नट तोऱ्यात चालतोय ते पाऊलसुद्धा ऐकू येतं, वृत्त परेडसारखं बिनचूक, कारण स्टेजवर मिरवणाऱ्याची चाल ठरलेलीच असते. तर मोडतोड हीच तेवढी अर्थपूर्ण असते असंही नाही. पण मुख्य म्हणजे या सरळ ओळी नसत्या तर बाकीच्या मोडलेल्या कळल्याच नसत्या. १२ पैकी ४ ओळी काट्यासारख्या सरळ आहेत, मग 'वृत्त वारंवार मोडते' हे वाक्य तिथेच लंगडं पडलं.

मग आले स्वस्तातले बदल. ओळीच्या शेवटी एक जादा हलकं अक्षर, त्याला फेमिनिन एंडिंग म्हणतात, तिसऱ्या, सातव्या, आठव्या आणि अकराव्या ओळीत आहे: टुमॉ-रो, कँ-डल, प्ले-यर, फ्यु-री. हिने प्रत्येकावर लाल गोल काढला होता. पण हे इतकं रोजचं आहे की एकट्या अशा शेवटावर काही इमारत उभी करता येत नाही, हॅम्लेटच्या 'टू बी ऑर नॉट टू बी' मध्ये पहिल्या चारही ओळी अशाच संपतात. दुसरा स्वस्तातला बदल म्हणजे ओळीची पहिली जोडी उलटी, जड-हलकं, तिला ट्रोकी म्हणतात. ही पण सगळीकडे असते. येस्पर्सनचं कारण मला सगळ्यात पटतं, की ओळीच्या आधी सहसा थांबा असतो, तुलना करायला शेजारी नसतो, म्हणून तिथे जड अक्षर आलं तरी कानाला धक्का बसत नाही.

इथे ती म्हणाली, मग उरलं काय, सगळंच चालतं तर. रास्त प्रश्न. आणि इथूनच आमचा रविवार गेला.

जड अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी ४ आहेत: क्रीप्स इन, लाइफ्स बट, टोल्ड बाय, आणि शेवटची सिग्निफाइंग. वहीत या चारही ओळींसमोर एकच शेरा होता, 'ट्रोकी, अस्वस्थता.' मी म्हटलं, या ओळी एकेकट्या वाचू नकोस, आधीच्या ओळीचं शेपूट जोडून वाच. तिने वाचलं:

टुमॉरो क्रीप्स इन धिस पेटी

काही धक्का? नाही. कारण आधीची ओळ 'रो' या हलक्या अक्षरावर संपली आहे, आणि पुढची 'क्रीप्स' या जड अक्षराने सुरू झाली, म्हणजे ओळींच्या सीमेवर हलकं-जड ही जोडी आपोआप पूर्ण झाली. कागदावर वृत्तभंग दिसतो, कानाला चाल सलग लागते. उद्या हा शब्द ओळ संपली तरी संपत नाही, घसरत पुढच्या ओळीत जातो, आणि तिथे क्रियापद आहे सरपटणं. मग 'इन धिस' ही दोन हलकी अक्षरं लागोपाठ येतात तिथे जरा पाय ओढल्यासारखं होतं आणि 'पे' वर परत चाल पकडते. हे अस्वस्थ माणसाचं वृत्त वाटत नाही मला, थकलेल्या माणसाचं वाटतं.

आठवीचं तेच, कँडल लाइफ्स बट अ वॉकिंग. मेणबत्तीचं हलकं शेपूट, मग आयुष्य. आणि बाराव्या ओळीने तर तिचा अंदाज पूर्ण उलटा पाडला. वहीत तिने लिहिलं होतं की शेवटच्या ओळीत वृत्त कोसळतं, सगळंच उलटं, तीनही ट्रोकी. एकटी ओळ घेतली तर बरोबर आहे, सिग्नि | फाइंग | नथिंग, हे तीन ट्रोकीच आहेत. पण शेपूट जोडा: फ्युरी सिग्निफाइंग नथिंग. जड हलकं जड हलकं जड हलकं जड हलकं, एकही ठेच नाही, आख्ख्या स्वगतात इतका समतोल तुकडा दुसरा क्वचितच सापडेल. आवाज आणि आवेश म्हणतोय आणि ताल मात्र घड्याळासारखा. चाल मुळीच कोसळत नाही, मोडली आहे ती लांबी. १० अक्षरं हवीत तिथे ६ आहेत. पहिल्या सहा जागा भरलेल्या, सातवी, आठवी, नववी, दहावी रिकामी. 'काही नाही' असं म्हणून खरंच पुढे काही नाही.

या रिकाम्या जागेला नाटकात फार किंमत आहे, कारण त्याच्यानंतर लगेच निरोप्या आत येतो, आणि मॅकबेथ त्याला म्हणतो जीभ चालवायलाच आलायस ना, पटकन सांग. म्हणजे ती चार अक्षरांची शांतता म्हणजे निरोप्याच्या पावलांचा वेळ असू शकतो, किंवा मॅकबेथ नुसता बघत बसलाय तो वेळ. नट कुठलंही निवडो, पण तिथे धाडकन पुढचं वाक्य टाकलं की ओळ तोकडी राहिली हे प्रेक्षकाला कळतच नाही.

आता राहिला टोल्ड. त्याचं शेपूट जोडा:

इट इज | अ टेल / टोल्ड बाय | अन इड् | यट, फुल | ऑफ साउंड | अँड फ्यु | री

चौघांत एकटा हाच ज्याच्या आधीची ओळ जड अक्षरावर संपली आहे. टेल, टोल्ड. जडावर जड आदळलं. त्यातून दोन्ही ट ने सुरू, आणि मध्ये विराम नाही, वाक्य तसंच ओळ ओलांडून पुढे गेलंय, म्हणजे येस्पर्सन म्हणतो तो थांब्याचा आसराही नाही. तोंडाला नाइलाजाने मध्ये एक खाच पाडावी लागते. भाचीने तीन वेळा म्हणून बघितलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच थांबली. म्हणाली, अरे हे तर अडखळतंय, बाकीचे तीन नाही अडखळले. बास, हेच हवं होतं. कागदावर चारही खुणा सारख्या, कानात एकच ठेच, आणि ती कुठे आहे बघा, गोष्ट आणि ती सांगणारा वेडा यांच्या मधोमध.

तिला तरी शंका होतीच, की हे आपण अर्थ माहीत असल्यामुळे ऐकतोय का. चांगली शंका आहे, स्कॅन्शनमध्ये निम्मी थापेबाजी अशीच होते. त्यावर मी एक घरगुती टेस्ट वापरतो, मोडलेली ओळ आपणच सरळ करून टाकायची, शब्द शक्य तितके तेच ठेवून, आणि मग ऐकायचं काय गेलं. तिनेच केली:

अन इड् | यट टेल्स, | ऑल फुल | ऑफ साउंड | अँड फ्यु | री

अर्थ तोच. वृत्त चोख. 'इट इज अ टेल अन इडियट टेल्स' असं गुळगुळीत वाहत गेलं, आणि वेडा कधी आला ते कळलंसुद्धा नाही. मूळ ओळीत तो दार आपटून येतो. मग शेवटच्या ओळीचं पण केलं, 'अँड सिग् | निफाइज | इन ट्रूथ | नो थिंग | अॅट ऑल', पूर्ण १० अक्षरं, आणि आम्ही दोघं हसलो कारण हे एकदम कुणीतरी भाषण आवरतं घेतल्यासारखं वाटलं. जो बदल सरळ केल्यावर काहीच फरक पडत नाही तो बदल असाइनमेंटमध्ये लिहायचा नाही, एवढा नियम आम्ही त्या दिवशी केला. त्याच नियमाने क्रीप्सची ओळ सरळ करून बघितली, 'इट क्रीप्स विथ पेटी पेस फ्रॉम डे टू डे', तर गेलं थोडं, पण टोल्डइतकं नाही. म्हणून ते वहीत एका वाक्यापुरतं राहिलं.

तिसऱ्या ओळीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तिथे वृत्त मोडलंच नाहीये आणि तरी ओळ विचित्र वाटते.

टुमॉ | रो, अँड | टुमॉ | रो, अँड | टुमॉ | रो

जोड्या पाडल्या की आघाताच्या जागी दोनदा 'अँड' येतो. 'आणि'. जगात कुणी 'आणि' वर जोर देत नाही. पण पॅटर्न तिथे जोर मागतो, आणि 'रो' च्या तुलनेत 'अँड' किंचित जड होतोही, येस्पर्सनचाच न्याय. त्यामुळे होतं काय, की ओळीत ५ ठोके आहेत पण त्यातले ३ च खरे वाजतात, २ पोकळ. पोकळ ठोका म्हणजे पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. उद्या, पोकळ, उद्या, पोकळ, उद्या. बऱ्याच जणांना मी इथे 'अँड' गिळून तीन टुमॉरो धडाधड टाकताना ऐकलंय, आणि मग ती ओळ नुसती यादी होते. 'अँड' ला पूर्ण जोर दिला तरी वाईट, शाळेच्या गॅदरिंगमधलं पाठांतर वाटतं. अर्धा द्यायचा. पॅटर्न आणि बोली यांच्यातली ओढाताण तिथे ऐकू यायला हवी, तीच मजा.

पाचवी ओळ मला वैयक्तिक सगळ्यात आवडते. टू द लास्ट सि-ले-बल ऑफ रे-कॉर-डेड टाइम, मोजा, ११. पण शेवट 'टाइम' हा जड आहे, म्हणजे जादा अक्षर शेपटीला नाही, पोटात आहे. कुठे? 'सिलेबल' मध्येच. टू द | लास्ट सिल् | लेबल ऑफ | रेकॉर् | डेड टाइम, असं धरलं तर तिसऱ्या जोडीत तीन अक्षरं कोंबली आहेत. शेवटच्या अक्षरापर्यंत असं म्हणताना ओळीत एक अक्षर जास्त झालंय, आणि ते 'अक्षर' या शब्दातच. त्याआधी दोन हलकी मग दोन जड, टू द लास्ट सिल्, त्यामुळे सुरुवातच ओढत होते. पण इथे मी तिला लगाम घातला. 'सिलेबल' दोन अक्षरांत आवळून 'सिलब्ल' असंही म्हणता येतं, मग ओळ १० ची होते आणि माझा सगळा चमत्कार संपला. अकराव्या ओळीत आपण 'इडियट' बिनदिक्कत दोन अक्षरांचा धरलाच की, इड्-यट, नाहीतर ती १२ ची झाली असती. मग तिथे आवळायचं आणि इथे नाही असं का? याला माझ्याकडे ठोस उत्तर नाही, कान म्हणतो एवढंच. म्हणून असाइनमेंटमध्ये हा मुद्दा 'असंही वाचता येतं' म्हणून घातला, पुरावा म्हणून नाही.

सातवीबद्दल वाद नाही. द वे | टू डस् | टी डेथ | आउट आउट | ब्रीफ कँ | डल. पहिल्या तीन जोड्या सरळ, मग पूर्णविराम, मग जड जड जड जड. डेथपासून धरलं तर ५ जड अक्षरं लागोपाठ, १२ ओळींत एवढी गर्दी दुसरीकडे नाही. दोन जडांच्या जोडीला स्पाँडी म्हणतात, पण नाव महत्त्वाचं नाही, महत्त्वाचं हे की इथे घाई करताच येत नाही, प्रत्येक अक्षराला वेगळा श्वास लागतो. फुंकर मारल्यासारखं. आणि सहावी ओळ अगदी सरळ गेलेली असते म्हणून हे जास्त जाणवतं, एवढं मात्र तिने स्वतःहून सांगितलं.

एक सावधगिरी मी तिला परत परत सांगितली, की अमुक बदल म्हणजे अमुक भावना असा कोश होत नाही. रिचर्ड द थर्ड ची पहिली ओळ 'नाउ इज द विंटर' पण ट्रोकीनेच सुरू होते, तिथे तो माणूस कुत्सित मजेत आहे. ट्रोकी फक्त एवढंच सांगते की इथे कान दे. काय ऐकायचं ते शब्द सांगतात.

आणि दुसरी, छापखान्याची. मॅकबेथ आपल्याकडे एकाच जुन्या प्रतीतून आलंय, १६२३ चा फोलिओ, शेक्सपिअर जाऊन ७ वर्षं झाल्यावर छापलेला. त्याच्या हातचं हस्तलिखित नाही. त्यामुळे ओळ कुठे तोडली यातलं किती त्याचं आणि किती खिळे जुळवणाऱ्याचं हे नेहमी सांगता येत नाही. किंग लिअर मध्ये मेलेल्या मुलीला कवटाळून म्हातारा 'नेव्हर' म्हणतो ती ओळ सगळे उदाहरण म्हणून देतात, नेव्हर नेव्हर नेव्हर नेव्हर नेव्हर, पाचही जोड्या उलट्या. फोलिओत ५ आहेत. १६०८ च्या क्वार्टो प्रतीत ३ च. म्हणजे ज्या ओळीवर आपण एवढं बोलतो ती एका प्रतीत आहे आणि दुसरीत नाही.

हे सांगितलं आणि भाचीने बरोबर पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, जी मी गुपचूप बाजूला ठेवली होती. सेटन म्हणतो 'द क्वीन माय लॉर्ड इज डेड', ६ अक्षरं. मॅकबेथ म्हणतो 'शी शुड हॅव डाइड हिअरआफ्टर', ७. शेक्सपिअरमध्ये बऱ्याचदा दोन माणसं मिळून एक ओळ पूर्ण करतात, एकाने ६ म्हटली की दुसऱ्याने ४, आणि तसं असलं की मध्ये थांबायचं नाही असा इशारा नटाला मिळतो. इथे बेरीज १३ होते, म्हणजे ही वाटून घेतलेली ओळ नीटशी जमत नाही. दोन्ही तोकड्याच धरायच्या तर सेटनच्या ओळीनंतर ४ अक्षरं रिकामी आणि मॅकबेथच्या ओळीनंतर ३. मग शांतता कुठे? बायको गेल्याचं ऐकल्यावर तो गप्प राहतो आणि मग बोलतो, की लगेच बोलून टाकतो आणि बोलल्यावर त्याला कळतं? दोन वेगळे नवरे आहेत हे.

मी पहिल्याच्या बाजूने होतो. ती म्हणाली, नाही मामा, तो पटकन बोलतो, अगदी कोरडं, आणि मग ती तीन अक्षरं, आणि म्हणून दुसरी ओळ इतकी सरळ येते बघ, देअर वुड हॅव बीन अ टाइम फॉर सच अ वर्ड, सावरून बोलतोय तो. माझी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली की जेवायला या आता, राणी मेली ना एकदाची. असाइनमेंट परत देताना तिने लाल गोल १७ वरून ४ वर आणले होते: टोल्ड, आउट आउट, शेवटची तोकडी ओळ, आणि पहिली. पहिलीच्या शेजारी दोन बाण काढले होते, एक ओळीच्या आधी, एक नंतर, आणि नंतरच्या बाणाला गोल.